तीन पॅकेजं लिही, पण सुरुवात मधल्यापासून कर

अगं, सीझन तोंडावर आला की तुझा ठरलेला प्रश्न येतो, "ताई, ब्राइडचा रेट किती सांगू?" खरं सांगू का, तुझी अडचण रेटची नाहीच. तू मुलुंडमध्ये घरून काम करतेस, हात चांगला आहे, एका नवरीकडून दुसरी येते. अडतं ते फोनवर. तू १२,००० सांगतेस, पलीकडून "थोडं कमी करा ना, घरचंच कार्य आहे" असं येतं, तू १०,०००वर उतरतेस, आणि त्या १०,०००त मुहूर्ताचा मेकअपही करतेस, शालूसाठी दुसरी हेअरस्टाइलही करून देतेस. मग रात्री मला फोन करून म्हणतेस, "मला भाव सांगताच येत नाही." येतो गं. तू एकच भाव सांगतेस, एवढंच चुकतंय.

बघ, एकच आकडा ऐकला की समोरच्या बाईपुढे दोनच वाटा उरतात, हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं. हो म्हणण्याआधी आपण घासाघीस केली नाही असं घरात कुणी म्हणायला नको, म्हणून ती घासाघीस करतेच. तिच्यापुढे तीन पॅकेजं ठेवलीस की तिचा प्रश्नच बदलतो. "हिला बोलवायचं का?" याच्या जागी "यातलं कुठलं घ्यायचं?" असा विचार सुरू होतो. आणि तिथे पुष्कळ जणी मधल्यावर बोट ठेवतात. सगळ्यात स्वस्त घेतलं तर लेकीच्या लग्नात हात आखडला असं वाटतं, सगळ्यात महाग घेतलं तर उधळपट्टी वाटते. मधलं घेतलं की नवऱ्यालाही सांगता येतं आणि विहिणीलाही.

हे नुसतं आपल्याकडचं निरीक्षण नाही हं. इटामार सायमनसन आणि अमोस ट्वर्स्की या दोन अभ्यासकांनी १९९२ साली कॅमेऱ्यांवर एक प्रयोग छापला होता. लोकांपुढे दोनच कॅमेरे ठेवले, एक सुमारे १७० डॉलरचा आणि एक २४० डॉलरचा, तेव्हा निम्म्यांनी हा घेतला, निम्म्यांनी तो. मग दुसऱ्या गटापुढे तेच दोन आणि शिवाय ४७० डॉलरचा तिसरा ठेवला. आता २४०वाला मधला झाला, आणि त्याला ५७ टक्के लोकांनी पसंती दिली. स्वस्त कॅमेरा २२ टक्क्यांवर आला आणि महागडा २१ टक्क्यांनी घेतला. कॅमेरा तोच, किंमत तीच, फक्त त्याची जागा बदलली. पण एक लक्षात ठेव, जिचं बजेट आधीच पक्कं आहे किंवा जिला नेमकं काय हवं ते ठाऊक आहे, ती तुझ्या मधल्या पॅकेजकडे ढुंकूनही बघणार नाही. तिला तिचं घेऊ दे. मधलं पॅकेज आहे ते ज्यांचं ठरलेलं नसतं त्यांच्यासाठी, आणि लग्नघरात बहुतेकांचं ठरलेलं नसतंच.

आता वही घे आणि मधलं पॅकेज आधी लिही. बहुतेक जणी खालून सुरुवात करतात आणि वर भर टाकत जातात, मग मधलं ना धड इकडचं ना तिकडचं होतं. तू उलट कर. गेल्या सीझनच्या नवऱ्या डोळ्यांपुढे आण आणि स्वतःला विचार, त्यांना खरोखर काय लागलं होतं? सकाळचा मुहूर्त, गौरीहराला पिवळी अष्टपुत्री, नंतर शालू. म्हणजे दोन साड्या, दोन हेअरस्टाइल, मध्ये अक्षता पडेपर्यंत थांबणं, रडून काजळ फिसकटलं की टचअप. शिवाय लग्नाआधी एक ट्रायल, कारण फोटोतला मेकअप आपल्या चेहऱ्यावर कसा दिसेल ही धास्ती प्रत्येकीला असते. हे झालं तुझं मधलं. यात भरीला काही घालू नकोस आणि गरजेचं काही काढूही नकोस.

मग त्यातून दोन गोष्टी काढ, म्हणजे खालचं तयार होतं. ट्रायल नाही, दुसरा लुक नाही. एक मेकअप, एक हेअरस्टाइल, साडी नेसवून दिली की तू निघालीस. आणि मधल्यात भर घातली की वरचं तयार होतं. संध्याकाळच्या स्वागत समारंभाचा तिसरा लुक, आईचा आणि करवलीचा मेकअप, आणि दिवसभर तू किंवा तुझी असिस्टंट हाताशी.

एक गोष्ट मात्र दटावून सांगते. खालच्या पॅकेजमध्ये हलकं सामान वापरायचं नाही. धुतलेले ब्रश, कानामागे करायची पॅच टेस्ट, चांगला बेस, हे तिन्हीत सारखंच राहील. फरक पडेल तो वेळात, लुकमध्ये आणि माणसांमध्ये. खालचं पॅकेज घेतलेल्या मुलीच्या गालावर पुरळ उठलं, तर तिची मावशी "स्वस्तातलं घेतलं म्हणून" असं म्हणणार नाही, ती तुझं नाव घेऊन सांगेल. म्हणून ट्रायल नसली तरी पॅच टेस्टला तिला दोन दिवस आधी दहा मिनिटं बोलावूनच घे.

आपल्या उपनगरांत पुष्कळ जणी साधा, एचडी आणि एअरब्रश अशी शिडी लावतात. चालते, पण तिच्यात एक खोट आहे. एचडी म्हणजे बारीक कणांचा बेस ब्रशने किंवा स्पंजने बसवणं आणि एअरब्रश म्हणजे कॉम्प्रेसरच्या गनने पातळ थर मारणं, हे तुला-मला कळतं. नवरीच्या आईला कळत नाही. तिला तीन नावं दिसतात आणि तीन आकडे दिसतात, मग ती आकड्यावरच निवडते. शिवाय पाठवणीच्या वेळी एअरब्रशवरून आसवं ओघळली की तेवढाच भाग दुरुस्त करणं किती जिकिरीचं असतं ते तू जाणतेस. एअरब्रश वरच्या पॅकेजमध्ये सोय म्हणून ठेव, पण शिडी लग्नाच्या दिवसाप्रमाणे लाव. "मुहूर्त", "मुहूर्त आणि शालू", "दिवसभर" अशी साधी नावं दे. आईला वाचताक्षणी चित्र दिसलं पाहिजे.

आता आकडे. घाबरू नकोस, एकदाच मांडायचेत. तुझ्याच हिशोबाने बघू. आज तू १०,०००त दोन लुक करतेस. सामान १,५०० आणि येण्याजाण्याचे ५०० गेले की हातात ८,००० उरतात आणि साडेपाच तास जातात.

खालचं पॅकेज धर ११,५००. सामान १,०००, प्रवास ५००, हातात १०,०००, वेळ प्रवासासकट चार तास. मधलं धर १५,०००. सामान १,५००, प्रवास ५००, साड्या बदलताना हाताशी मुलगी हवी तिचे १,०००, हातात १२,०००. वेळ लग्नाच्या दिवशी साडेपाच तास आणि ट्रायलचा दीड तास, मिळून सात.

इथे तू भुवया उंचावशील, कारण तू हुशार आहेस. ताशी हिशोब केलास तर खालचं पॅकेज सरस निघतं. चार तासांत १०,०००, आणि मधल्यात तीन तास जास्त राबून फक्त २,००० वाढले. मग मधलं कशाला विकायचं? कारण तुझ्याकडे तोटा तासांचा नाही, मुहूर्तांचा आहे. चातुर्मासात पंचांग कोरडं, तुळशीचं लग्न लागलं की सगळ्यांची झुंबड, आणि त्यातही चांगले मुहूर्त सकाळचेच. भांडुपची नवरी साडेनऊला आणि बोरिवलीची अकराला, हे एका बाईला जमत नाही. म्हणजे एका मुहूर्ताला एकच नवरी. ती तारीख दिली की तिच्यातून किती उरतं हेच बघायचं. ते उरलेले दीड तास तू त्या सकाळी दुसऱ्या कुणाला विकू शकणार नव्हतीसच. आणि ट्रायल तू मंगळवारी दुपारी घरीच ठेवणार, तेव्हा तसंही कुणी येत नाही.

वरच्या पॅकेजचं गणित मात्र निराळं आहे. किमतींवर लिहिणारे रफी मोहम्मद यांनी २०१८ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये एक ढोबळ माप दिलं होतं. खालची किंमत मधल्यापेक्षा पाव हिश्शाहून जास्त खाली नको आणि वरची मधल्याच्या दीडपटीहून वर नको. तुझं खालचं या मापात बसतं. वरचं या मापाने २२,५०० होईल. आता खर्च बघ. सामान २,५००, प्रवास १,०००, दोन मुली दिवसभर, त्यांचे ३,०००. हातात उरतात १६,०००, आणि तू सकाळी पाचपासून संध्याकाळी सहा-सातपर्यंत अडकलेली. त्या संध्याकाळी तुला दुसऱ्या कुणाच्या स्वागत समारंभाचं काम सहज मिळालं असतं, म्हणजे संध्याकाळ विकली जाते. म्हणून मी तुझ्या जागी २५,००० सांगेन, हातात १८,५०० उरतील. माप थोडं मोडलं, पण तुझी संध्याकाळ फुकट गेली नाही. याहून फार वर मात्र नेऊ नकोस. केवळ मधलं स्वस्त दिसावं म्हणून ५०,००० लिहिलेस तर लोकांना ते लगेच कळतं, आणि मग मधल्या आकड्यावरचाही विश्वास उडतो. जे पॅकेज कुणी घेतलं तर तू आनंदाने करशील, तेवढंच कार्डावर जाऊ दे.

आता दहा नवऱ्यांचा सीझन धर. आज तुझ्या हातात ८०,००० येतात. समज, तिघींनी खालचं घेतलं, सहा जणींनी मधलं आणि एकीने वरचं. ३०,००० अधिक ७२,००० अधिक १८,५००, म्हणजे १,२०,५००. आणि तुझी ती रात्रीची भीती, "सगळ्यांनी खालचंच घेतलं तर?" तीही मांडून बघ. दहा जणींचे १०,०००प्रमाणे एक लाख होतात, आजच्यापेक्षा २०,००० जास्त, तेही दर नवरीमागे दीड तास कमी राबून. खालचं पॅकेज असंच ठरवायचं असतं गं, सगळा सीझन तेच विकलं गेलं तरी घर चाललं पाहिजे. खालचं तोट्यात ठेवून मधल्यावर भरून काढू म्हणालीस तर तू जुगार खेळतेयस.

दोन किमतींतलं अंतर किती बोलतं ते तू रोज लोकलमध्ये बघतेस. ५ मे २०२२ला एसी लोकलचं तिकीट निम्म्याच्या आसपास आलं. पाच किलोमीटरला आधी एसीचे ६५ रुपये आणि फर्स्ट क्लासचे ५० पडायचे. त्या दिवसापासून एसीचे ३० आणि फर्स्टचे २५ झाले, सेकंड क्लासचे ५ तसेच. म्हणजे मधल्या आणि वरच्यात पाचच रुपये उरले. मग घामाघूम झालेली बाई म्हणणारच, पाच रुपयांसाठी एसी का सोडू? एसीच्या फेऱ्या कमी आहेत म्हणून, नाहीतर मधलं घ्यायला कारणच राहत नाही. तुझं वरचं पॅकेज १७,०००ला ठेवलंस तर तुझंही तेच होईल. सगळ्या नवऱ्या दिवसभराचं मागतील आणि तू दोन आठवड्यांत आजारी पडशील.

आता हे सांगायचं कसं? आकडा फोनवर सांगूच नकोस. आधी तीन गोष्टी विचार: मुहूर्त किती वाजता, कार्यालय कुठलं, आणि स्वागत समारंभ त्याच दिवशी आहे का. मग म्हण, "काकू, मी तिन्ही पॅकेजं व्हॉट्सॲपवर पाठवते, घरात बघून सांगा." कारण निर्णय फोनवरच्या बाईचा एकटीचा नसतोच. ते कार्ड घरच्या ग्रुपवर जाणार, तिथे पुण्याची मावशी आणि डोंबिवलीची आत्या आपापलं मत देणार. तू तिथे समजावायला नसशील, म्हणून कार्डाने स्वतःच बोललं पाहिजे. एकच चित्र, तीन रकाने, प्रत्येकात चार-पाच ओळी, खाली किंमत. जे मिळत नाही तेही लिही: "ट्रायल नाही", "दुसरी साडी नाही". मधल्या रकान्यावर "दोन साड्या असतील तर हे" एवढंच लिही. "सर्वाधिक पसंती" असं पहिल्याच सीझनला लिहू नकोस, अजून कुणी पसंत केलेलं नाही. आणि स्वागत समारंभ दुसऱ्या दिवशी असेल, साडी एकच असेल, तर तू होऊन सांग, "काकू, तुम्हाला खालचं पुरेल." ती बाई पुढे चार जणींना तुझा नंबर देते.

चौथं पॅकेज काढायचा मोह होईल. नको. "मधलंच, पण ट्रायल नको आणि करवली घ्या" अशी खिचडी मागणारी एखादी असतेच. तिच्यासाठी छोटी वेगळी यादी ठेव: जास्तीची साडी नेसवणं, आईचा मेकअप, करवलीचा मेकअप, प्रत्येकाचा भाव ठरलेला. आणि कमी करा म्हणाली तर हसत म्हणायचं, "करते ना, मग ट्रायल आणि दुसरा लुक काढू, ११,५०० होतील." किंमत खाली आली की कामही खाली आलं पाहिजे. एकदा तू १५,०००चं काम १३,०००त केलंस की ती बातमी त्याच कार्यालयात जेवणाच्या पंगतीपर्यंत पोचते आणि तुझी तिन्ही पॅकेजं कोसळतात.

कार्ड पाठवलंस की काम संपलं असं नाही. वहीत एक पान ठेव आणि प्रत्येक चौकशीपुढे लिही, काय विचारलं, काय घेतलं, कशावर अडलं. दहा-बारा ओळी झाल्या की पान बोलायला लागेल. बहुतेक जणी खालचं घेत असतील तर दोन शक्यता आहेत. खालच्यात तू फार दिलंयस, नाहीतर मधल्याची उडी मोठी वाटतेय. फोनवर "खालच्यात आणि यात फरक काय?" हा प्रश्न पुन्हा पुन्हा आला तर पहिलं कारण, "जरा जास्त होतंय" आलं तर दुसरं. बहुतेक वरचं घेत असतील तर खूश होऊ नकोस, ते स्वस्त पडतंय. आणि तीन-चार जणींनी मधल्यातून तीच एक गोष्ट काढायला सांगितली, समज ट्रायल, तर ती त्यांना नकोच आहे. ती काढून यादीत टाक आणि मधल्याची किंमत थोडी उतरव. सीझनच्या मध्यावर मात्र आकडे हलवू नकोस, एकाच इमारतीतल्या दोन घरांत दोन भाव गेले तर उत्तर देता येत नाही.

ॲडव्हान्सही तिन्हीला सारखाच घे, समज ४,०००. तारीख अडते ती तिन्हीत सारखीच अडते. आणि त्या पावतीवर लिही की लग्नाच्या पंधरा दिवस आधीपर्यंत वरच्या पॅकेजवर जाता येईल. ट्रायलला येऊन आरशात बघितलं की काही जणी आपण होऊनच विचारतात, "ताई, रिसेप्शनचंही तुम्हीच कराल का?" तेव्हा तुझी संध्याकाळ मोकळी असली तर हो म्हण, नसली तर स्पष्ट नाही म्हण.

चल, आता जास्त विचार करत बसू नकोस. आज रात्री स्वयंपाकघर आवरलं की मधलं पॅकेज लिही, त्याचा खर्च मांड, मग खालचं आणि वरचं. उद्या जी पहिली चौकशी येईल तिला आकडा न सांगता कार्ड पाठव. आणि ती "कमी करा ना" म्हणाली, की गप्प राहून दोन हजार सोडायच्या आधी तिला फक्त एवढंच विचार, "यातलं काय काढू, काकू?"